उशीला भोक

माणसाच्या शरीरावर दुखण्यासाठी पुष्कळ जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना समाजात काही ना काही मान आहे. गुडघा दुखतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात. कंबर दुखते म्हटलं की समोरचा स्वतःच्या कंबरेचा इतिहास काढून बसतो, म्हणजे निदान बरोबरीचं नातं तरी जुळतं. पण 'माझ्या कानाच्या कडेवर पाच मिलिमीटरची गाठ आली आहे आणि ती उशीला टेकली की मस्तकात कळ जाते' हे वाक्य चारचौघांत बोलून पाहावं. ऐकणारा आधी कानाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग पावसाचा विषय काढतो.

या लेखापुरता एक गृहस्थ उभा करू. ठाण्यात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. हे गृहस्थ कित्येक वर्षं उजव्या कुशीवर झोपतात. याला कारणं दोन. डावा खांदा मध्यंतरी आखडला होता, तेव्हापासून ती बाजू त्यांनी रात्रीपुरती वर्ज्य केली. दुसरं कारण असं की डाव्या कुशीवर वळलं की तोंडासमोर सौभाग्यवतींचं घोरणं येतं. (सौभाग्यवतींच्या मते घोरणारी व्यक्ती वेगळीच आहे. पण तो वाद इथे नको.) तर या गृहस्थांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर, जिथे कान सगळ्यात जास्त बाहेर येतो नेमका तिथे, एक बारीक टणक गाठ आली. मधोमध खपली, कडेने किंचित लाली. दिवसभर तिचा काही त्रास नाही. रात्री मात्र कूस घेतली की थोड्याच वेळात अशी कळ येते की माणूस झोपेतून उठून बसतो.

घरात निदानाला तोटा नव्हता. "अहो, उष्णतेची पुटकुळी आहे, सब्जा घ्या," हे सौभाग्यवतींचं मत. शेजारच्या काकांनी ती चामखीळ ठरवून वर चुना लावायला सांगितलं. सुदैवाने गृहस्थांनी तो पानापुरताच ठेवला. कानाच्या कडेची कातडी इतकी पातळ असते की चुन्याने गाठ गेली नसती, कातडी मात्र गेली असती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने न बघताच एक ट्यूब दिली. स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक हे तिन्ही एकाच नळीत कोंबलेली ही मलमं आपल्याकडे खाजेपासून भाजण्यापर्यंत सगळ्याला चालतात, असा एक समज आहे. इथे त्यातल्या बुरशीच्या औषधाला बुरशी सापडली नाही आणि अँटिबायोटिकला जंतू. अमेरिकेतल्या मुलाने फोटो मागवला, रात्रभर वाचन केलं आणि सकाळी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन केला, "बाबा, कॅन्सर तर नसेल?"

स्वतः गृहस्थांनी केलं ते सगळेच करतात. आरशासमोर उभं राहून गाठ पिळली. पुटकुळी असती तर पू आला असता. इथे आली ती फक्त कळ. मग खपली काढली. खाली एक इवलासा खड्डा दिसला, रक्ताचा ठिपका आला, आणि दोन दिवसांत खपली पुन्हा हजर. पिळलं तर काही निघत नाही, खपली काढली तर खड्डा, आणि खपली परत येते: या तीन गोष्टी एकत्र आल्या की ही पुटकुळी नव्हे हे घरबसल्याही कळू शकतं.

या गाठीची पहिली नीट नोंद 1915 साली झाली. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न या गावचे त्वचारोगतज्ज्ञ मॅक्स विंकलर यांनी कानाच्या कडेवरच्या या दुखऱ्या गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यांना नाव दिलं 'काँड्रोडर्मटायटिस नोड्युलॅरिस क्रॉनिका हेलिसिस'. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना एक गृहस्थ शांतपणे लोकांचे कान तपासत बसले होते, ही गोष्ट स्वित्झर्लंडच्या तटस्थतेला शोभणारीच आहे. पुढे त्या नावातला 'क्रॉनिका' बहुतेकांनी गाळला, तरीही जे उरलं ते गाठीच्या आकारमानाला अजिबात परवडणारं नाही. दवाखान्यात म्हणून 'सीएनएच' एवढंच म्हणतात, किंवा सरळ 'विंकलरचा आजार'.

नाव बाजूला ठेवून आत काय घडतं ते पाहू, कारण उपचार सगळा त्यातच आहे. कान म्हणजे कूर्चेचा एक घडीदार पत्रा आणि त्यावर ताणून बसवलेली कातडी. शरीरावर बहुतेक ठिकाणी कातडी आणि हाड यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. निवृत्त माणसाच्या पोटावर तर निसर्गाने या बाबतीत हात सैल सोडलेला असतो. कानाच्या कडेला मात्र ही गादी जवळजवळ नाहीच. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं आणि त्यातल्या बारीक वाहिन्यांतून झिरपेल त्यावर ती जगते. आता या कडेवर रात्री साडेचार ते पाच किलोचं डोकं ठेवलं की वाहिन्या दबतात. केशवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या साधारण 30 मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरचा दाब बराच वेळ त्याहून जास्त राहिला की रक्त पुढे सरकत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला ज्या कारणाने जखमा होतात, तेच कारण इथे एका टिंबाएवढ्या जागेत लागू पडतं. कातडी आणि खालची कूर्चा यांचा तेवढा भाग उपाशी पडतो, सुजतो, मरतो. मेलेला भाग शरीर कातडीतून वर ढकलू बघतं, म्हणून मध्ये खड्डा आणि त्यावर खपली.

मग प्रश्न उरतो की हे तरुणपणी का होत नाही. तरुण माणूस झोपेत सारखी कूस बदलतो, त्याच्या वाहिन्या धडधाकट असतात, आणि उन्हातान्हाने त्याच्या कानाची कातडी अजून झिजलेली नसते. वयाबरोबर कूर्चा ताठर होते. आणखी एक गोष्ट आहे. 1995 साली जेम्स हीथकोट या इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांनी आपल्या आणि काही सहकाऱ्यांच्या मिळून 206 रुग्णांचे कान पट्टीने मोजले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात निष्कर्ष छापला: मोठ्या माणसाचा कान वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर लांब होतो. पन्नास वर्षांचा हिशेब केला तर एक सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे बाकी सगळं आखडत, वाकत, गळत असताना कान तेवढा प्रगतिपथावर असतो. त्या वाढीचा आणि या गाठीचा थेट संबंध हीथकोटांनी लावलेला नाही. पण कान ताठर होत जाणार आणि डोकं हलकं होणार नाही, एवढं तर खरंच.

गाठ जास्त करून मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या पुरुषांना होते आणि कानाच्या बाहेरच्या कडेवर होते. बायकांमध्ये ती पुष्कळदा आतल्या वळीवर बसते. गोऱ्या कातडीच्या, उन्हाने रापलेल्या लोकांत तिचं प्रमाण जास्त दिसतं. आपल्याकडे ती कमी दिसते, पण दिसते. झोप हे मुख्य कारण असलं तरी कान दाबणारी कुठलीही वस्तू चालते. कानाशी घट्ट धरलेला फोन, कॉल सेंटरचा हेडफोन, नीट न बसलेलं श्रवणयंत्र, आणि हेल्मेट. शेवटचा शब्द पुण्यात मोठ्याने वाचू नये, नाहीतर हेल्मेटसक्तीविरुद्ध एक नवा वैद्यकीय मुद्दा उभा राहील. खरं म्हणजे दोष हेल्मेटचा नसून ते कान दुमडून डोक्यात घुसवण्याचा असतो. योग्य मापाचं घ्यावं आणि घालताना कान सरळ करावा. बुगडी आणि भिकबाळी या आपल्या दोन दागिन्यांची जागाही कानाच्या वरच्याच भागात आहे. तेव्हा ते घालून त्याच कुशीवर झोपणाऱ्याने सकाळी कानाची तब्येत विचारायला हरकत नाही.

आपले गृहस्थ शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न कानाविषयी नव्हताच. "काका, झोपता कुठल्या कुशीवर?" गृहस्थांना वाटलं गप्पा चालल्या आहेत. पण निम्मं निदान त्या प्रश्नात होतं. नेहमीची कूस, त्याच बाजूचा कान, सगळ्यात पुढे आलेली जागा, टणक गाठ, मधली खपली, आणि गाठीच्या मानाने भलतंच दुखणं. डॉक्टरांनी बोटाने हलकंच दाबलं आणि गृहस्थ खुर्चीतून उठले. तेही निदानातच धरलं जातं.

मुलाची शंका मात्र डॉक्टरांनी हसण्यावारी नेली नाही, आणि तेच बरोबर होतं. कानाची कड आयुष्यभर ऊन खाते, आणि त्वचेचे कर्करोग तिथे होतातच. त्यातला स्क्वॅमस पेशींचा कर्करोग कानावर झाला तर इतर जागांपेक्षा तो पसरण्याची धास्ती जास्त असते. दोन्ही दिसायला कधीकधी सारखे. विंकलरची गाठ लवकर येऊन एका मापाला थांबते आणि सुरुवातीपासून दुखते. कर्करोग पुष्कळदा फारसा न दुखता वाढत राहतो, त्यातून रक्त येतं, बूड टणक होत जातं. पण दुखणं हा काही निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. म्हणून शंका आली, किंवा दाब काढूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर बायोप्सी करतात: लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करायची, तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. गाऊटवाल्यांच्या कानावर खडूसारख्या पांढऱ्या गाठी येतात, त्या सहसा दुखत नाहीत. तोही एक फरक डॉक्टर मनात ठेवतात.

गृहस्थांच्या बाबतीत चित्र स्पष्ट होतं. डॉक्टरांनी उपचार सांगितला: उशीला भोक पाडा.

गृहस्थांनी कान पुढे केला, पण ऐकण्यात चूक नव्हती. तपासणीची फी देऊन आल्यावर असा सल्ला घरी सांगणं अवघड असतं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, उशी नवी आहे." तरी या आजारातला पहिला, स्वस्त आणि सगळ्यात शहाणपणाचा उपाय हाच आहे. दाबाने झालं, तेव्हा दाब काढायचा. कूस बदलली तरी चालतं, पण हे बोलायला सोपं आहे. माणूस झोपतो डाव्या कुशीवर आणि उठतो उजव्या. मधल्या वेळात त्याचा स्वतःवर ताबा नसतो. ज्यांचं शरीर ऐकतं, त्यांच्या बाबतीत दुसरीच भानगड होते. महिनोन्महिने सगळा भार दुसऱ्या कानावर पडतो आणि त्या कानालाही गाठ येते. मऊमऊ, महागड्या उशीने काम भागत नाही. ती डोक्याचा आकार घेते म्हणजे कानाभोवतीही चपखल बसते, आणि दाब कमी झाला तरी संपत नाही. कानाखाली मोकळी हवा हवी. नुसता मऊपणा पुरत नाही.

तयार मिळणाऱ्या उशीला मध्ये आरपार भोक असतं, म्हणजे सरळसरळ मेदूवडाच. घरी करायची तर कापसाची उशी घेऊ नये. ती दोन रात्रींत पिंजून भोक बुजवते. फोमची उशी घ्यावी आणि झोपून कान नेमका कुठे येतो तिथे खूण करावी. भोक कानापेक्षा चांगलं मोठं, साधारण आठ-दहा सेंटिमीटर रुंद. भोक लहान राहिलं तर त्याची कडच गाठीवर घासते आणि आपण रोगाला घरचं फर्निचर करून दिलं असं होतं. भोक आरपार असावं किंवा निदान इतकं खोल की बोट घालून पाहिलं तर कानाची कड कुठेही टेकत नाही. अभ्रा वर घट्ट ताणला तर तो भोकावर ढोलासारखा बसतो आणि दाब परत येतो, म्हणून तो सैल ठेवावा किंवा त्यालाही खिडकी पाडावी. या टप्प्यावर सौभाग्यवतींनी अभ्र्यांची जुनी जोडी काढून दिली, यावरून त्यांचा या उपचारावर किती विश्वास होता ते कळतं.

ज्यांचं डोकं रात्रभर उशीवर भटकतं, त्यांच्यासाठी उशीऐवजी भोक डोक्यालाच बांधतात. अंघोळीचा स्पंज किंवा फोमचा दोनेक सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्यायचा, त्यात कानाचा दुखरा भाग मोकळा राहील असं भोक कापायचं आणि इलास्टिकच्या पट्टीने ते कानावर बसवायचं. दिसायला ते युद्धातून जखमी होऊन परतलेल्या शिपायासारखं दिसतं. नातवंडांना ते फार आवडतं. पण डोकं कुठेही गेलं तरी भोक सोबत येतं, हा त्याचा फायदा.

यात घाई चालत नाही. दुखणं बहुधा आधी कमी होतं, गाठ बसायला आणखी आठवडे लागतात. दोन-तीन महिने धरून चालावं. अडचण अशी की दुखणं थांबलं की माणूस तिसऱ्या दिवशी जुनी उशी घेतो. खपली सुटेपर्यंत वर साधी पेट्रोलियम जेली लावायची, खपली ओढायची नाही, थंडीत कान झाकायचा, उन्हात टोपी घालायची.

उशीने भागलं नाही तर डॉक्टर मलमाकडे वळतात, आणि इथे प्रकरण रंगतं. वाहिन्या आखडल्या असतील तर त्या सैल कराव्यात, या विचाराने कानाच्या गाठीवर नायट्रोग्लिसरिनचं मलम वापरून पाहिलं गेलं आणि बऱ्याच रुग्णांना त्याने आराम पडला. हेच द्रव्य डायनामाइटमध्ये असतं आणि हेच हृदयविकाराच्या कळेवर जिभेखाली ठेवतात. खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयासाठी डॉक्टरांनी हेच सुचवलं होतं. पण औषधाच्या दुकानात त्याचं सौम्य मलम मिळतं ते मुख्यतः एकाच कामासाठी, आणि ते काम कानापासून शरीराच्या पार दुसऱ्या टोकाला असतं: गुदद्वाराजवळची चीर, म्हणजे फिशर. कागदावर ते नाव बघून औषधवाला आवाज खाली आणतो आणि सहानुभूतीने विचारतो, "बसायला फार त्रास होतो का काका?" गृहस्थ म्हणतात, "नाही, झोपायला." संवाद तिथेच थांबतो.

हे मलम अगदी थोडं, डॉक्टर सांगतील त्या ताकदीचं आणि तेवढ्याच वेळा लावायचं, आणि लावल्यावर हात धुवायचे. डोकं दुखणं हा त्याचा नेहमीचा त्रास. डायनामाइटच्या कारखान्यांतले कामगारही नेमकी हीच तक्रार करायचे. रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. आणि जो सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतो, त्याने ते डॉक्टरांना न लाजता सांगावं, कारण ही दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. कानाच्या गाठीवर बोलता बोलता डॉक्टर हा प्रश्न का विचारतात, हे ठाऊक नसलेले गृहस्थ उगाच लालबुंद होतात.

गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. काहींना त्याने बरं वाटतं, टोचताना मात्र सगळ्यांनाच ते लक्षात राहतं. अतिथंड द्रव्याने गोठवणं, लेसर, हेही करून पाहतात.

इतकं करूनही गाठ हटली नाही तर शस्त्रक्रिया. पूर्वी कानाच्या कडेचा त्रिकोणी तुकडाच कापून दोन्ही बाजू शिवत. गाठ जाई, पण कानही थोडा लहान होई. 1991 साली ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ लॉरेन्स यांनी दाखवून दिलं की कातडी कापून टाकायची गरज नाही. जागा बधिर करून कातडी उचलायची, खालची खराब कूर्चा काढायची, कातडी परत बसवून टाके घालायचे. यातलं खरं कसब पुढे आहे: उरलेल्या कूर्चेची कड बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करावी लागते. तिथे एखादं टोक राहिलं तर रात्री सगळा दाब त्याच टोकावर येतो आणि शेजारीच नवी गाठ उभी राहते. शस्त्रक्रिया झाली म्हणून उशी सुटत नाही. टाके निघाले, माणूस जुन्या कुशीवर जुन्या उशीवर गेला, आणि काही महिन्यांनी गाठ परत आली, असे रुग्ण प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला माहीत असतात.

आपल्या गृहस्थांवर ती वेळ आली नाही. पहिल्या महिन्यात कळ थांबली, तिसऱ्यात गाठीच्या जागी एक पुसट वण राहिला. डॉक्टरांनी भोकाची उशी कायमची वापरायला सांगितली, तेव्हा प्रवासात काय करायचं हा प्रश्न आला. रेल्वेच्या बर्थवर मिळणारी उशी भोक पाडण्यासारखी नसते. ती आपली नसते, हा मुख्य मुद्दा. म्हणून स्पंज आणि पट्टी पिशवीत. वामकुक्षीला मात्र त्यांना सूट आहे, कारण ती डाव्या कुशीवर आणि वीस मिनिटांचीच असते, असं त्यांचं म्हणणं आहे. सौभाग्यवतींचं घड्याळ वेगळं सांगतं, तेव्हा डाव्या कानावरही लक्ष ठेवायला डॉक्टरांनी बजावलं आहे. नवी उशी आणायची वेळ आली तर भोक बरोबर मध्यावर पाडावं, म्हणजे दोन्ही कुशींना तेच चालतं. गृहस्थांनी पहिल्या वेळी ते उजव्या टोकाला पाडलं होतं, आणि म्हणून सध्या घरात दुसऱ्या उशीबद्दल बोलणी सुरू आहेत.